काकांची वही: फाउंड्रीतली एक खुर्ची पुढच्या पिढीकडे कशी सोपवावी

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत आहे. ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाची कास्टिंग, ओलसर वाळूच्या साच्यांचं ग्रीन सँड मोल्डिंग, विजेवर चालणारी एक इंडक्शन भट्टी. बाबा आणि दोन काका असे तीन भागीदार. बँक, हिशेब आणि सरकारी कामं माझ्याकडे असतात. मधले काका भट्टी, वाळू, नवीन कास्टिंगचं डेव्हलपमेंट आणि रेट काढणं बघायचे. कागदावर ते तिघांतले एक भागीदार होते, पण प्रत्यक्षात ते नसले तर कारखाना चालतो की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

ते एका ऑक्टोबरात कळलं. दसरा झाला आणि त्याच आठवड्यात काकांची अँजिओप्लास्टी करावी लागली. सुट्टीत आठवडाभर पडून राहिलेली वाळू कोरडी आणि थंड झालेली होती. पहिल्या दिवशी मिक्सरवाल्याने नेहमीपेक्षा जास्त पाणी घातलं आणि नेहमीइतकाच वेळ फिरवली. वाळू बांधून धरणाऱ्या बेंटोनाइट मातीत पाणी मुरलंच नाही, मोकळं राहिलं. दोन दिवस साचे भरले गेले, धातू ओतला गेला. तिसऱ्या दिवशी फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेला माल साफ करताना, गॅसची भोकं दिसायला लागली. तोवर दोन दिवसांचा माल गेला होता. हॉस्पिटलमधून आल्यावर काका एवढंच म्हणाले, "सुट्टीनंतरच्या पहिल्या पाच-सहा बॅच मी नेहमी दुप्पट वेळ फिरवायला लावतो. थोडं बेंटोनाइटही वाढवतो. सांगितलं नव्हतं का कोणाला?" नव्हतं. कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

पुढची अडीच वर्षं आम्ही ही खुर्ची सोपवण्यात घालवली. त्यातून जी पद्धत हाती आली ती इथे मांडतोय. तुमचा धंदा फाउंड्रीचा नसेल, साडीच्या दुकानातली खरेदी असेल किंवा गुळाच्या अडतीवरची पारख असेल, तरी जे काम एकाच माणसाच्या हाताला आणि डोळ्याला ठाऊक असतं ते सोपवायची रीत फारशी वेगळी नसते.

आधी एक पान, मग योजना

वारसदार तयार व्हायला वर्षं लागतात आणि आजारपण तेवढं थांबत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक पान लिहून घ्या: उद्यापासून पंधरा दिवस हा माणूस नसला तर कोण काय करील? आमच्या पानावर भट्टीच्या वेळी अंतिम शब्द कोणाचा, स्क्रॅपची गाडी परत पाठवायचा अधिकार कोणाला, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणी फोन करायचा, चेकवर दुसरी सही कोणाची आणि अडलंच तर बाहेरच्या कोणत्या जाणकाराला विचारायचं, एवढंच होतं. नवीन रेट मात्र पंधरा दिवस कोणीही द्यायचा नाही, असं ठरवलं. चुकीचा दिलेला रेट वर्षभर गळ्यात पडतो, उशिरा दिलेला पडत नाही. हे पान तिन्ही भागीदारांच्या सहीने कारखान्यात लावलं. त्यानंतर मोठ्या कामाला शांतपणे हात घालता आला.

कामांची नव्हे, निर्णयांची यादी

काकांना त्यांची कामं लिहायला सांगितली तेव्हा त्यांनी नऊ ओळी लिहिल्या. भट्टीवर लक्ष, वाळूवर लक्ष, डेव्हलपमेंट, रेट, असं काहीसं. या यादीवरून कोणालाही काही शिकवता आलं नसतं. मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. चार आठवडे एक जण त्यांच्यासोबत वही घेऊन फिरला. कोणी काही विचारलं, किंवा काकांनी स्वतःहून काही थांबवलं, बदललं, परत पाठवलं, की एक ओळ लिहायची: वेळ, कोणी विचारलं, काय ठरवलं, ठरवताना नजर कशावर होती.

महिनाअखेरी एकसारखे निर्णय एकत्र केले, तरी साठाच्या वर वेगवेगळे निर्णय निघाले. काही अगदी छोटे होते. धातू ओतायच्या लॅडलमध्ये फेरोसिलिकॉन टाकलं की काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. या फेरोसिलिकॉनचा, म्हणजे इनॉक्युलेशनचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. तेवढ्यात शेवटचा साचा भरला गेला नाही तर पातळ कडा पांढऱ्या, कडक होतात आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर टूल तुटतं. काका वेळ मोजत होते, पण हे त्यांनी कोणाला शब्दांत सांगितलेलं नव्हतं.

वही लिहिताना एक युक्ती उपयोगी पडली. "असं का केलंत?" विचारलं की काका म्हणायचे, "अनुभवाने कळतं." तिथेच बोलणं संपायचं. मग आम्ही प्रश्न बदलला: "कधी याच्या उलट केलं असतंत?" आता उत्तरं यायला लागली. वाळू मुठीत दाबून त्यांनी "चालेल" म्हटलं, तेव्हा हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "गोळा मोडल्यावर कडा भुसभुशीत तुटल्या असत्या तर थांबवलं असतं. हाताला चिकटली असती तरी थांबवलं असतं. आणि हाताला गरम लागली असती तर पाण्याचं माप बघून उपयोग नाही, साच्यापर्यंत जाईतो ती वाळणार." तीन वाक्यांत वाळूची तीन दुखणी आली. ही वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेवा. त्यांना पुस्तकी भाषेत आणायला जाऊ नका.

चार आठवड्यांची वही वर्षाला पुरत नाही, हे आमच्या लक्षात जुलैत आलं. आमच्याकडे पावसाळा वेगळाच असतो. ओलं स्क्रॅप भट्टीत पडलं तर वितळलेला धातू उडतो, माणूस भाजतो. गंजलेल्या, ओलसर मालामुळे कास्टिंगला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. काका या दिवसांत स्क्रॅप शेडखाली दोन दिवस ठेवल्याशिवाय भट्टीजवळ येऊ देत नसत. एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा असतो, फिरून येणारी वाळू थंडच होत नाही. म्हणून वही किमान एक पूर्ण वर्ष चालू ठेवा, आणि शिकणाऱ्याला दोन पावसाळे काढू द्या: पहिला बघायला, दुसरा स्वतः सांभाळायला.

खुर्ची आहे तेवढीच पुढे द्यायची का?

साठ निर्णय समोर आल्यावर दिसलं की काकांच्या खुर्चीत तीन वेगळ्या माणसांची कामं बसली होती. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. काकांना जे जे येत गेलं ते ते त्यांच्याकडे जमत गेलं. एवढं सगळं जसंच्या तसं पेलणारा दुसरा माणूस शोधत बसलो असतो तर कधीच मिळाला नसता.

म्हणून खुर्ची फोडली. भट्टी आणि वाळूचे रोजचे निर्णय आमच्या मेल्टिंग फोरमनकडे दिले. ते घरचे नाहीत, पण सतरा वर्षं भट्टीवर आहेत. पगार वाढवला, आणि गाडी परत पाठवायचा अधिकार लेखी दिला. जुन्या गिऱ्हाइकांशी रोजचं बोलणं आणि डिस्पॅच वेगळं काढलं. उरलं ते खरं अवघड: नवीन कास्टिंगची पद्धत ठरवणं आणि रेट काढणं. ड्रॉइंग बघून जादा धातू पुरवणारा रायझर कुठे, धातू साच्यात नेणारे रनर किती, आतली पोकळी घडवणारा कोअर कसा, एका बॉक्समध्ये किती नग, रिजेक्शन किती धरायचं आणि मग किलोला किती रुपये. आमचा नफा-तोटा इथे ठरतो. वारसदार हवा होता तो या कामाला.

निवड: आधी कसोटी, मग नावं

घरात दोन नावं होती. एक काकांचा मुलगा, बी.कॉम. झालेला, बोलण्यात तरबेज. दुसरी माझी धाकटी बहीण, मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात चार वर्षं एका कंपनीच्या क्वालिटी विभागात काम करून परत आलेली. आमच्याकडे अशा वेळी नाव आधी ठरतं आणि कारणं मागाहून जुळवली जातात. ते टाळायला, कोणाचंही नाव न घेता तिघा भागीदारांनी कसोट्या लिहिल्या: ड्रॉइंगवरून वस्तू डोळ्यासमोर उभी राहते का, रिजेक्शन आलं की कारण शोधायला फेटलिंगच्या धुळीत बसतो का, चूक झाली तर स्वतःहून सांगतो का, आणि कामगार त्याला खरी माहिती देतात का.

मग दोघांना सहा महिने सारखंच काम दिलं. तीन-तीन कास्टिंगचं रिजेक्शन ठरलेल्या आकड्यावर आणायचं. काकांचा मुलगा मनापासून राबला, पण दर वेळी तो कारण माणसांत शोधायचा, कोण हलगर्जी करतंय ते. बहीण खराब नग कापून, भोक वरच्या बाजूला आहे की खालच्या, कोअरजवळ आहे की धातू आत शिरतो त्या गेटजवळ, याचा तक्ता मांडत बसायची. सहा महिन्यांनी कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. काका स्वतःच म्हणाले, "पोरगी बसेल इथे."

तरी घरात वादळ आलंच. काकूंना वाटलं, नवऱ्याने उभं केलेलं काम मुलाच्या हातून गेलं. हे वाटणं खोटं नव्हतं, आणि ते दाबून ठेवलं असतं तर पाच वर्षांनी फुटलं असतं. आम्ही सगळ्यांना बसवून दोन गोष्टी वेगळ्या केल्या. हिस्सा हा घराचा, तो कामावरून ठरत नाही. काकांचा हिस्सा त्यांच्या मुलाबाळांकडेच जाणार, हे लेखी दिलं. पगार मात्र पदाचा, आणि तो बाहेरचा माणूस ठेवला असता तर जेवढा द्यावा लागला असता तेवढाच. गिऱ्हाईक आणि डिस्पॅच काकांच्या मुलाकडे आलं. त्याचा पिंडच तो होता.

दुसरा प्रश्न कोणी उघड विचारत नव्हतं, म्हणून मीच विचारला: बहिणीचं लग्न होऊन ती बाहेरगावी गेली तर? तिने शांतपणे सांगितलं, "दादा, हाच प्रश्न मुलाला विचारला असतास तर उत्तर देते." बरोबर होतं. मुलगाही परदेशी जाऊ शकतो. म्हणून नियम सगळ्यांना सारखा केला: घरच्या कोणीही पद सोडायचं असेल तर सहा महिने आधी सांगायचं, आणि आपल्या हाताखाली एक माणूस निम्मं काम शिकलेला ठेवायचा.

शिकवण्याचा क्रम

बहुतेक घरांत वारसदाराला पहिल्या दिवशी केबिनमध्ये बसवतात. आम्ही तिला उलट्या टोकाकडून चढवलं. पहिले तीन महिने फेटलिंग आणि तपासणी, कारण मागे झालेली प्रत्येक चूक तिथे उघडी पडते. मग चार महिने वाळू: सकाळी ओलावा आणि वाळू किती दबते ती कॉम्पॅक्टेबिलिटी मशीनवर काढायची, पण त्याआधी मुठीत दाबून अंदाज लिहायचा. सुरुवातीला अंदाज आणि आकडा जुळत नव्हते. तिसऱ्या महिन्यात ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असला की तिच्या हाताला कळायला लागलं. मग तीन महिने भट्टी. त्यानंतर साच्यासाठीचे नमुने बनवणारं पॅटर्न शॉप आणि पद्धत. रेट सगळ्यात शेवटी.

रेट शिकवायला आम्ही जी रीत वापरली तिचा मला सगळ्यात जास्त उपयोग वाटतो. नवीन चौकशी आली की काका आणि बहीण दोघांनी वेगवेगळा रेट काढायचा, एकमेकांना न दाखवता, आणि लिफाफ्यात घालून माझ्याकडे द्यायचा. गिऱ्हाइकाला जायचा तो काकांचा. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक कुठे पडला ते शोधायचं.

एक उदाहरण देतो. अठरा किलोचं एक पंपाचं कास्टिंग होतं. बहिणीने यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतला प्रत्यक्ष नगात उरणारा भाग, ६२ टक्के धरलं, म्हणजे एका नगाला २९ किलो धातू ओतायचा. काकांनी धरलं ५५ टक्के, म्हणजे जवळपास ३३ किलो. ड्रॉइंगवर एका बाजूला जाड बॉस, म्हणजे फुगवटा होता. काकांनी त्यावर बोट ठेवलं: "याला वेगळा रायझर दिल्याशिवाय आत पोकळी राहणार." रायझरचा धातू परत भट्टीत जातो, वाया जात नाही, म्हणून तो फुकट असं नवख्याला वाटतं. पण तो वितळवायला वीज लागते. टनाला सहाशे युनिट धरली तर वाढलेल्या पावणेचार किलोला सव्वादोन युनिट, म्हणजे नऊ रुपये दराने वीसेक रुपये. शिवाय जळित आणि मजुरी. किलोमागे रुपया-सव्वा रुपया गेला. जिथे किलोला पाच रुपये सुटतात तिथे चौथा हिस्सा एका जाड बॉसमध्ये गेला.

दर फरकाचं कारण एका वहीत जात होतं. पहिल्या दहा चौकश्यांत फरक बहुतेक यील्ड आणि कोअरचा होता. पंचवीसच्या पुढे दोघांचे रेट दोन-तीन टक्क्यांच्या आत यायला लागले. आणि एकदा काकांचाच चुकला. त्यांनी धरलेला रेझिन सँडचा भाव जुना होता. त्या दिवसापासून काकाही तिचा कागद आधी मागायला लागले.

त्यानंतर अधिकार पायरीने दिले. आधी जुन्या गिऱ्हाइकाचं, जुन्यासारखंच कास्टिंग असेल तर रेट तिचा, काकांना नुसतं कळवायचं. मग ठरावीक रकमेपर्यंतची नवीन कामं. मग सगळी. प्रत्येक पायरीची तारीख आधी लिहिलेली होती. तारीख लिहिलेली नसेल तर "अजून थोडं शिकू दे" हे वाक्य दहा वर्षं चालतं.

खुर्ची रिकामी करून बघणे

वारसदार तयार झाला की नाही हे दोघं एकत्र असताना कधीच कळत नाही. म्हणून काकांना कारखान्याबाहेर पाठवलं: आधी तीन दिवस, मग दहा दिवस, मग पूर्ण जुलै महिना. फोनचा हिशेब माझ्याकडे. काकांना कोणी फोन केला तर त्यांनी मला सांगायचं, आणि मी तो प्रश्न लिहायचा. तीन दिवसांत अकरा फोन झाले होते. दहा दिवसांत सात. त्या सातांतले पाच एकाच गोष्टीचे होते, जुन्या पॅटर्नच्या दुरुस्त्या, ज्या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. पुढचे दोन महिने काका आणि बहीण एकेक पॅटर्न काढून त्यावर कार्ड लावत बसले.

या काळात महिन्याचं सरासरी रिजेक्शन बघून भुलू नका, ते उशिरा हलतं. दोन खुणा लवकर दिसतात. धातू तयार आहे पण निर्णयासाठी भट्टीत थांबलाय, अशी मिनिटं वाढली का? आणि फोरमन प्रश्न नव्या माणसाला विचारतो, की थांबून राहतो? पहिली खूण विजेच्या बिलात उमटते, दुसरी शॉपवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान परत येण्यात असतं. काका जुलैनंतर आले आणि सवयीने शॉपवर उभे राहिले. दुपारपर्यंत सगळे प्रश्न पुन्हा त्यांच्याकडे. त्यात त्यांचा दोष नव्हता. चाळीस वर्षं ज्या जागी माणूस उभा राहतो तिथून त्याला "आता घरी बसा" म्हणणं हे क्रूर आहे, आणि मूर्खपणाचंही. आम्ही त्यांना नवीन काम दिलं: आठवड्यातून दोन दिवस, पॅटर्न शॉपमध्ये, फक्त अवघड कास्टिंग आणि नव्या मुलांना शिकवणं. जागा बदलली, मानधन ठरलं. कामगाराने काही विचारलं तर काकांचं एकच उत्तर असायचं: "ताईंना विचारलंस का?" हे वाक्य त्यांनी स्वतः ठरवलं होतं. बहिणीला अधिकार खऱ्या अर्थाने त्या वाक्याने मिळाला.

कागद

हे काम माझं होतं, आणि मी ते उशिरा सुरू केलं. तुम्ही तसं करू नका. भागीदारी करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. आमच्या जुन्या करारात ते कलमच नव्हतं. उरलेल्या भागीदारांनी फर्म चालू ठेवायची, वारसांना हिस्सा कशा हिशेबाने आणि किती हप्त्यांत द्यायचा, हे आता लिहिलंय. दोनच भागीदार असतील तर एवढ्यानेही भागत नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. तिसरा आधीच घ्या.

कॅश क्रेडिट खात्याबद्दल बँकेशी आधी बोला. भागीदार गेला की त्याच्या हिश्शाची जबाबदारी ठरवण्यासाठी बँक बहुतेक वेळा ते खातं थांबवते. नेमके त्याच आठवड्यात पगार आणि वीजबिल असतं. वैयक्तिक हमी कोणाकोणाची आहे तेही बघा. नवा भागीदार घेतला की जीएसटी नोंदणीत पंधरा दिवसांत बदल करावा लागतो. करार आणि मृत्युपत्र जाणकार वकिलाकडूनच करून घ्या, आणि दोन्हींत एकच गोष्ट लिहिलेली आहे ना, ते एकाच बैठकीत तपासा. आमच्याकडे काकांच्या जुन्या मृत्युपत्रात हिस्सा एकाकडे आणि करारात दुसऱ्याकडे जात होता.

आता पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींना ५७ वं लागलंय. लाकडी पॅटर्नवर मेण किती ठिकाणी आणि का चढवलंय हे फक्त त्यांना ठाऊक आहे. मागच्या सोमवारी बहिणीने नवी वही आणली आणि त्यांच्याशेजारी स्टूल टाकलं.